मुद्राक्षरांचे ऐतिहासिक वर्गीकरण

रोमन लिपीतील सेरिफयुक्त, म्हणजे रेषेच्या टोकाला आडवी पट्टी असलेल्या मुद्राक्षरांचे जुनी शैली, संक्रमणकालीन, आधुनिक आणि स्लॅब असे चार वर्ग मानतात. फ्रान्सिस तिबोदो यांनी 1921 मध्ये सेरिफच्या आकारावरून वर्ग पाडले. मॅक्सिमिलियन व्हॉक्स यांनी 1954 मध्ये त्यांचा विस्तार केला. आंतरराष्ट्रीय मुद्राक्षर संघटनेने व्हॉक्स यांची पद्धत 1962 मध्ये स्वीकारली आणि 2021 मध्ये मागे घेतली, तरी वर्गांची नावे व्यवहारात टिकून आहेत.

वर्ग ओळखण्यासाठी इंग्रजी ‘ओ’ पाहावा. जुन्या शैलीत त्याचा सर्वांत पातळ भाग वर डावीकडे आणि खाली उजवीकडे येतो, त्यामुळे अक्षराचा अक्ष डावीकडे कललेला दिसतो. रुंद टोकाची लेखणी तिरकी धरून लिहिण्याची ही खूण आहे. निकोलस जेन्सन (व्हेनिस, 1470) आणि प्रकाशक आल्दस मानुशियससाठी खिळे कोरणारा फ्रान्चेस्को ग्रिफो (सुमारे 1495) यांची अक्षरे या वर्गातली. पान करडे आणि संथ दिसते. दीर्घ वाचनाला ती बरी पडतात. संक्रमणकालीन वर्गात अक्ष जवळजवळ उभा होतो आणि जाड-बारीक रेषांतला फरक वाढतो; जॉन बास्करव्हिलने 1757 मध्ये छापलेला कवी व्हर्जिलचा ग्रंथ हे त्याचे परिचित उदाहरण. आधुनिक वर्गात, म्हणजे दिदो (सुमारे 1784) आणि बोडोनी यांच्या अक्षरांत, अक्ष पूर्ण उभा असतो आणि सेरिफ केसाएवढी बारीक होऊन उभ्या रेषेला काटकोनात भिडते. त्यातून एक थंड, दरबारी रुबाब येतो.

वर्ग म्हणजे काळ नव्हे. कॅस्लनची अक्षरे अठराव्या शतकातली असूनही जुन्या शैलीत जातात, आणि 1932 च्या टाइम्स न्यू रोमनबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही.

स्लॅब वर्गाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सच्या नमुनापुस्तकात ही जाड, चौकोनी सेरिफची अक्षरे ‘अँटिक’ या नावाने आढळतात. मुखपृष्ठावर 1815 असले, तरी ती ज्या कागदावर छापली त्याच्या जलचिन्हातले वर्ष 1817 सांगितले जाते. नमुनापुस्तकांत मागाहून पाने घालण्याची चाल होती, हे लक्षात घेता ‘1817 च्या सुमारास’ म्हणणे अधिक सुरक्षित. ‘इजिप्शियन’ हे नाव तर आधी, 1816 च्या सुमारास, कॅस्लन ओतशाळेने सेरिफ नसलेल्या अक्षरांना दिले होते. स्लॅबला ते त्यानंतर चिकटले. फ्रेंच परंपरेत उलट ‘अँटिक’ म्हणजे सेरिफहीन अक्षर, त्यामुळे जुनी पुस्तके वाचताना गोंधळ होतो. स्लॅबचा मूळ हेतू जाहिरातीचा होता: दुरून दिसावे, ठणकावून सांगावे.

आधुनिक वर्गाची मर्यादा मराठवाड्यातील छापखान्यांत लग्नपत्रिकेवर पाहता येते. समजा, पत्रिकेवर मंगल कार्यालयाचा इंग्रजी पत्ता बोडोनीत 8 पॉइंटमध्ये, खडबडीत कागदावर सोनेरी शाईने स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे जाळीतून शाई दाबून, छापायचा आहे. 8 पॉइंट म्हणजे सुमारे 2.8 मिमी, केसरेषा त्याचा तिसावा भाग धरली, तर ती 0.1 मिमीपेक्षाही बारीक होते. ती जाळीच्या छिद्रांच्या मापाच्या जवळ जाते. छापल्यावर ‘एन’, ‘एच’ यांचे उभे दांडे शाबूत राहतात आणि जोडरेषा तुटतात. ‘ई’ ची आडवी रेघ गेली की तो ‘सी’ वाटतो. गडद पार्श्वभूमीवर अक्षरे कोरी सोडली, तर उलट घडते: शाई पसरून रेषा बुजतात. हा दोष शैलीचा कमी, मापाचा अधिक. खिळ्यांच्या काळात प्रत्येक आकार वेगळा कोरत आणि लहान आकारात रेषा जाड ठेवत; संगणकावर मात्र बहुधा मोठ्या आकारासाठी आखलेलेच अक्षर लहान केले जाते. आयटीसी बोडोनीत म्हणून 6, 12 आणि 72 पॉइंटसाठी वेगळी रूपे आहेत. ती हाताशी नसतील, तर पत्ता जुन्या शैलीत किंवा हलक्या स्लॅबमध्ये घ्यावा आणि बोडोनी वधूवरांच्या नावांपुरता ठेवावा.

देवनागरीला हे वर्ग जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण तिला सेरिफ नाही; शिरोरेषा हा अक्षराचाच भाग आहे. शिवाय बोरूचे टोक उलट तिरके कापतात. मराठवाड्यातील मठांतल्या हस्तलिखित पोथ्यांत ‘/’ दिशेचा फटकारा जाड आणि ‘\’ दिशेचा बारीक दिसतो, म्हणजे रोमनच्या नेमका उलटा. तेव्हा कललेल्या अक्षाची कसोटी येथे दिशा बदलून वापरावी लागते. जाड-बारीकचा फरक मात्र तुलनेसाठी उपयोगी राहतो: ‘रोझा वन’ या फाँटात देवनागरीलाही आधुनिक वर्गासारखा तीव्र फरक दिला आहे आणि मोठ्या मथळ्यांत तो शोभतो.