तिमाही आढाव्याचं इतिवृत्त (कोकणातला काजू कारखाना)

दर तीन महिन्यांनी धंद्याचे आकडे समोर ठेवून जी बैठक होते तिची लेखी नोंद म्हणजे तिमाही आढाव्याचं इतिवृत्त, बोलताना सगळे मिनिट्सच म्हणतात. त्यात तीन गोष्टी यायला हव्यात: ठरवलं किती होतं आणि झालं किती, फरक कशामुळे पडला, आणि आता कोण काय कधीपर्यंत करणार. चहाला कोण उशिरा आलं, कुणी कुणाचं अभिनंदन केलं वगैरे नसलं तरी चालतं.

एक घोळ आधीच मिटवलेला बरा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ प्रमाणे संचालक मंडळाच्या बैठकीचं इतिवृत्त ३० दिवसांच्या आत मिनिट बुकात चढवावं लागतं, पण ते मंडळाच्या बैठकीचं झालं. मालक, मॅनेजर, खरेदीवाला, अकाउंटंट आणि कटिंग-ग्रेडिंगच्या मुख्य ताई बसून जो तिमाही आढावा घेतात त्याला तो नियम लागत नाही. तिथे मुदत आपणच ठरवायची आणि ती दोन-तीन दिवसांच्या वर नेऊ नये, कारण आठवडाभराने प्रत्येकाला आपण काय बोललो ते जरा वेगळंच आठवायला लागतं.

कोकणात या नोंदीला हंगामाची अडचण असते. काजू बी साधारण मार्च ते मे मध्ये बाजारात येते, कारखाना तीच बी सुकवून साठवतो आणि पुढे महिनोन्‌महिने फोडत राहतो, त्यामुळे एप्रिल-जूनची तिमाही जानेवारी-मार्चच्या शेजारी ठेवून 'वाढ झाली' असं लिहिलं की वाचणाऱ्याची फसगत ठरलेली. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याचंही तेच, १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागली की बर्फाचा खप पडणारच, त्यात कुणाची चूक शोधायची नसते. म्हणून इतिवृत्तात तुलना दोनच गोष्टींशी करतात, या तिमाहीचं ठरलेलं टार्गेट आणि मागच्या वर्षीची हीच तिमाही.

आता मुख्य मुद्दा, आकडा कशावर मोजलाय तो. काजूच्या धंद्यात सगळं उताऱ्यावर चालतं, म्हणजे शंभर किलो बीतून किती किलो गर निघाला. पण शंभर किलो कुठली बी? गेटवर काट्यावर घेतली ती, की अंगणात सुकवून गोदामात गेली ती? ओली बी सुकताना वजन सोडते. १४ टक्के ओलाव्याची १०० किलो बी ८ टक्क्यांपर्यंत सुकवली तर साधारण ९३.५ किलो उरते, एक दाणाही न हरवता. म्हणजे एकाच मालाचे दोन उतारे निघतात, दोन्ही खरे, आणि कुठल्या वजनावरचा ते लिहिलं नाही तर दोन्ही निरुपयोगी.

एक उदाहरण पूर्ण सोडवूनच बघू (आकडे समजण्यापुरते घेतलेत, कुठल्या खऱ्या कारखान्याचे नाहीत). समजा वेंगुर्ल्याकडचा एक छोटा कारखाना आहे आणि एप्रिल-जूनच्या प्लॅनमध्ये लिहिलंय की ६०,००० किलो बी, २८ टक्के उतारा, म्हणजे १६,८०० किलो गर. प्रत्यक्षात गर निघाला १५,०८० किलो. तूट १,७२० किलो, यावर कुणाचंच दुमत नाही कारण गराचं वजन पॅकिंगला डब्यागणिक होतं. बैठकीत अकाउंटंट खरेदीच्या रजिस्टरातून ५८,००० किलो हा आकडा वाचतो आणि मिनिट्स लिहिणारा पटकन गणित मांडतो: १५,०८० भागिले ५८,०००, उतारा २६ टक्के. बी २,००० किलो कमी आली म्हणून ५६० किलोची तूट आणि उतारा पडला म्हणून १,१६० किलोची तूट, बेरीज १,७२०. बेरीज जुळली की माणसाला वाटतं बरोबरच आहे, आणि मिनिट्समध्ये जातं 'कटिंग विभागाचा उतारा घसरल्याने मोठी तूट, कटिंगच्या महिलांना पुन्हा ट्रेनिंग द्यावं'.

पण प्लॅनमधले ६०,००० किलो हे सुकवलेल्या बीचे होते. प्लॅन करताना धरलं होतं की गेटवर ६३,००० किलो घ्यायची आणि सुकून ६०,००० उरेल. रजिस्टरातले ५८,००० हे मात्र गेटवरचं वजन, आणि सुकवून गोदामात गेली ती ५४,००० किलो. आता सरळ करून बघा. १५,०८० भागिले ५४,००० म्हणजे उतारा जवळजवळ २७.९ टक्के, टार्गेटला चिकटूनच. मग तूट तीन भागांत पडते: खरेदीच ५,००० किलोने कमी झाली त्यामुळे सुमारे १,३३३ किलो गर, बी धरलेल्यापेक्षा जास्त सुकली त्यामुळे सुमारे ३४७ किलो, आणि कारखान्यातला उतारा किंचित कमी म्हणून फक्त ४० किलो. बेरीज पुन्हा १,७२०! तूट तीच, पण दोष कटिंगच्या टेबलावरून उठून खरेदीच्या काट्यावर जाऊन बसला. बेरीज जुळणं हा पुरावा नाही, दोन्ही बाजूंचं वजन एकाच ठिकाणी केलेलं आहे का ते आधी बघावं लागतं.

याच उदाहरणात आणखी एक खड्डा आहे. पहिल्या चुकीच्या गणितातसुद्धा '२ टक्के घट' असं लिहिणं चूकच झालं असतं. २८ वरून २६ म्हणजे २ टक्केबिंदूंची घट, टक्क्यात मोजली तर ती ७ च्या वर जाते. लिहिताना सरळ 'उतारा २८ वरून २६ टक्क्यांवर आला' असंच लिहावं, मग कुणाला अर्थ काढत बसायला नको. तसंच वजा-अधिकच्या खुणांवर भरवसा ठेवू नये, गर जास्त निघाला तर चांगलं आणि बॉयलरचं जळण जास्त लागलं तर वाईट, पण टेबलात दोन्हीपुढे अधिकच दिसतं. पुढे शब्दात 'अनुकूल' किंवा 'प्रतिकूल' लिहिलं की काम झालं.

कारण लिहिताना तर हात आखडताच ठेवावा. सुकताना वजन जास्त घटलं हा आकडा आहे, बी ओली होती हा अंदाज आहे, गळती झाली असेल, काटा चुकीचा असेल, गोणी कुठे गेल्या असतील, काहीही असू शकतं. अंदाज तपासता येतो मात्र. ५८,००० चे ५४,००० झाले म्हणजे ६.९ टक्के घट, आणि वर बघितलं तसं १४ टक्के ओलाव्याच्या बीची घट साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतेच. मे अखेरच्या वळवानंतर आलेल्या लॉटचा ओलावा कुणी लिहून ठेवला असेल आणि तो १४-१५ च्या घरात असेल तर पाण्याचा अंदाज बसतो. १० च लिहिला असेल तर घट दोन-सव्वादोन टक्केच यायला हवी होती, मग काटा तपासायचा. खरेदी का कमी झाली त्याचंही तसंच, कुणी म्हणतं यंदा मोहोर जळला, कुणी म्हणतं बाहेरचे व्यापारी दारात येऊन जास्त भाव देऊन घेऊन गेले. मिनिट्समध्ये ते 'खरेदी प्रमुखांच्या म्हणण्यानुसार' असंच जातं, आणि कशाने तपासणार तेही सोबत.

ठरलेलं काम लिहिताना भाषेची गंमत होते. बैठकीत मालवणीत कुणी 'बघतंय' म्हणतं, कुणी 'करूक होया' म्हणतं, आणि लिहिणारा दोन्हीला 'करण्याचे ठरले' करून टाकतो. बघतंय म्हणजे कबूल नव्हे आणि करूक होया हे तर नुसतं मत, करणार कोण ते त्यात नाहीच. लिहिणाऱ्याने तिथल्या तिथे थांबवून विचारावं की म्हणजे तुम्ही करणार का, आणि कधी. थोडं अवघड वाटतं, मालकांना तर नकोच वाटतं, पण नंतर फोन करून विचारत बसण्यापेक्षा ते परवडलं. आपल्या उदाहरणातली नोंद साधारण अशी व्हायला हवी:

'गेटवर ओलावा मीटर घेऊन प्रत्येक लॉटचा ओलावा खरेदी रजिस्टरात लिहायचा, १० टक्क्यांच्या वर असेल तर वजनात कपात. जबाबदारी: खरेदी प्रमुख. मीटर ३१ ऑगस्टपर्यंत. मोजमाप: गेट ते गोदाम घट, प्लॅनप्रमाणे ४.८ टक्के, या तिमाहीत ६.९. प्लॅन आणि रजिस्टर दोन्हीत यापुढे गेटवरचं आणि सुकवलेलं अशी दोन्ही वजनं, जबाबदारी: अकाउंटंट, पुढच्या बैठकीआधी.'

आकडे कुठल्या तारखेचे तेही वर लिहावं. ३० जूनला संध्याकाळी गर वाळवायच्या भट्टीत, म्हणजे बोर्म्यात, आणि सोलायच्या टेबलावर जो माल असतो तो धड बी नसतो धड गर नसतो, तो धरला की नाही यावरून उतारा इकडचा तिकडे होतो. हिशेब अजून पक्के झाले नसतील तर 'तात्पुरता' हा शब्द आकड्याच्या शेजारीच हवा, खाली कोपऱ्यात नको.

आणि चुकीची नोंद वाटली गेलीच तर? जुनी फाईल उघडून आकडा गुपचूप बदलायचा नाही. पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला दुरुस्ती लिहायची, आधी काय लिहिलं होतं (उतारा २६ टक्के, गेटच्या वजनावर), आता काय (२७.९, सुकवलेल्या वजनावर), आणि त्यामुळे कुठलं ठरलेलं काम रद्द झालं. आपल्या उदाहरणात कटिंगचं ट्रेनिंग रद्द, ही ओळ राहिली तर त्या महिलांच्या नावावर न केलेली चूक कागदोपत्री तशीच राहते, आणि बोनसच्या वेळी कुणीतरी तोच कागद काढतं.

काम 'पूर्ण' कधी म्हणायचं यात बहुतेक ठिकाणी घाई होते. ऑगस्टात मीटर आला, बिल लागलं, ऑक्टोबरच्या बैठकीत खरेदी प्रमुख पूर्ण म्हणून खूण करायला सांगतात. पण तेव्हा बाजारात नवी बीच नसते, मीटर पेटीत पडून असतो आणि ४.८ की ६.९ ते कळायला पुढचा मार्च-एप्रिल उजाडावा लागतो. म्हणून त्या नोंदीपुढे 'मीटर घेतला, परिणाम तपासायचा बाकी' असं लिहून ती ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल अशी प्रत्येक इतिवृत्तात पुढे न्यायची, आणि खूण पुढच्या जुलैच्या बैठकीत, गेट आणि गोदाम ही दोन्ही वजनं टेबलावर आल्यावरच करायची.