पाणी न शिरणारा बूट आणि न घसरणारा बूट

पहिल्या पावसाळी ट्रेकसाठी दुकानात गेलं की ‘वॉटरप्रूफ आहे’ एवढं ऐकून बूट घेतला जातो. पण पाणी आत न येणं वेगळं आणि पाय न घसरणं वेगळं. वॉटरप्रूफपणा असतो बुटाच्या वरच्या भागात, पकड असते तळव्यात. सह्याद्रीत जपायची ती दुसरी गोष्ट.

लोहगडचंच घ्या. मळवली स्टेशनवर उतरून भाजे गावातून लोहगडवाडीपर्यंत चालत जायचं, पुढे दगडी पायऱ्यांनी गणेश दरवाजा आणि वर महादरवाजा. वाट सोपी आहे, पण वाटेत पाण्यातून पाय टाकावाच लागतो. पाणी घोट्याच्या वर आलं की वॉटरप्रूफ बुटात वरून शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तिथेच राहतं. बूट जड होतो, मोजा आत सरकतो, टाचेला फोड येतो. जाळीदार बुटात पाणी लगेच शिरतं, पण चालता चालता निथळूनही जातं. म्हणून एका दिवसाच्या ट्रेकला आम्ही जाळीदारच सुचवतो. पाय ओले होणारच, हे धरून चालायचं. कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि परतीच्या गाडीत बदला.

आता तळवा. चिखलात खोल खाचा लागतात, साधारण 4-5 मिलिमीटर. ओल्या कातळावर मात्र खाचांपेक्षा रबराचा मऊपणा महत्त्वाचा. अंगठ्याचं नख तळव्यात दाबून बघा: किंचित रुतलं तर ठीक, प्लास्टिकसारखं टणक लागलं तर तो बूट ओल्या पायरीवर घसरणार. घरी ओल्या फरशीवर उभं राहूनही अंदाज येतो. शेवाळावर मात्र कुठलंच रबर भरवशाचं नाही. हिरवट, चकाकणारा भाग टाळून खरबरीत जागी पूर्ण पाऊल टेकवा. उतरताना गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाका. टाच आधी टेकली की पाय पुढे निसटतो.

कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेला बूट आधी दोन-तीन दिवस घालून चाला. जुना गोंद सुटून तळवा वाटेतच निघतो. सॅकमध्ये मजबूत दोरी असू द्या, तळवा बांधून खाली उतरता येतं.

कपड्यांतही असाच घोळ होतो. रेनकोट पाऊस अडवतो, पण चढताना घाम आतच कोंडतो, म्हणजे भिजणं आलंच. त्याच्या आत सुती टी-शर्ट आणि खाली जीन्स असेल तर दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि माथ्यावरच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. लवकर वाळणारा पॉलिस्टरचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घाला.

ओढ्यापाशी मात्र चांगला बूटही कामाचा नाही. पाणी गढूळ होऊन वाढतंय किंवा गुडघ्याच्या वर आहे, तर उतरूच नका. अलीकडेच थांबा. वर पाऊस ओसरला की लहान ओढा बऱ्याचदा तासा-दोन तासांत उतरतो.