वीस मुलाखती आणि पंचावन्न टक्के

‘सोलापुरातील ५५ टक्के विडी कामगार महिलांना पानासाठी पदरचे पैसे घालावे लागतात.’ असं वाक्य अहवालात दिसलं की ते थेट मथळ्यात जातं, मोर्चाच्या फलकावर जातं. ते वाक्य ज्या वह्यांतून आलं त्या उघडून बघायला फारसं कोणी जात नाही. आपण एकदा बघू. पुढचं उदाहरण मी समजावण्यासाठी रचलेलं आहे, कोणत्याही खऱ्या पाहणीचे आकडे त्यात नाहीत. पण वह्यांमध्ये जे घडतं ते अगदी असंच घडतं.

आधी कामाची थोडी ओळख. विडी कारखान्याच्या शाखेतून बाईला तेंदूपान, तंबाखू आणि दोरा मिळतो. घरी पान भिजवायचं, मापाने कापायचं, विड्या वळायच्या आणि मोजून शाखेत जमा करायच्या. मजुरी हजार विड्यांमागे. पान मात्र वजनावर मिळतं. गठ्ठ्यात फाटकी, भोकं पडलेली पानं जास्त निघाली तर त्यात हजार विड्या बसत नाहीत आणि कमी पडलेलं पान बाईला बाहेरून विकत घ्यावं लागतं. समजा, समाजकार्य शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विडी घरकुल या सोलापुरातल्या विडी कामगारांच्या वसाहतीत अशा २० जणींच्या मुलाखती घेतल्या. विषय ठरलेला, पण गप्पा मोकळ्या. बोलणं ध्वनिमुद्रित केलं, मग शब्दन्‌शब्द उतरवून काढलं. आता प्रश्न असा, की ‘पानासाठी पदरचे पैसे’ हा मुद्दा किती जणींनी मांडला?

संगणकावर ‘पान’ शब्द शोधून किती वेळा आला ते मोजणं निरर्थक आहे, कारण विडीच्या गप्पांत पान दर चार वाक्यांनी येतंच. मोजायची ती माणसं. एखादी बोलकी मावशी तोच मुद्दा नऊ वेळा सांगेल, पण तिची नोंद एकच. आणि मुद्दा म्हणजे नेमकं काय, हे मोजण्याआधीच लिहून ठेवावं लागतं. ‘पानं कशीतरीच असतात बघा’ ही तक्रार आहे, पण त्यात पैशांचा उल्लेख नाही. ‘मागच्या आठवड्यात अर्धा किलो बाहेरून आणलं’ हे मात्र नक्की धरायचं. ‘शेजारणीकडून उसनं घेतलं’ याचं काय? धरा किंवा सोडा, पण नियम कागदावर हवा आणि तो वीसही मुलाखतींना सारखाच लागायला हवा. शक्य असेल तर दुसऱ्या कोणीतरी तेच कागद स्वतंत्रपणे वाचून नोंदी कराव्यात. दोघींचं जिथे जुळत नाही तिथे बहुधा वाचणारीची चूक नसते, नियमच ढिला असतो. तो घट्ट करून सगळ्या मुलाखती पुन्हा वाचायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय मला माहीत नाही.

नियम ठरला, मोजणी झाली, ११ जणी निघाल्या. वीसपैकी अकरा, म्हणजे ५५ टक्के. वाक्य तयार.

पण उरलेल्या नऊ जणींनी काय सांगितलं? खरी मेख इथेच आहे. पहिल्या सहा मुलाखतींच्या वेळी विद्यार्थिनीच्या प्रश्नावलीत पानाचा प्रश्नच नव्हता. त्या सहांपैकी तिघींनी तो विषय आपणहून काढला, म्हणून तिने सातव्या मुलाखतीपासून प्रश्न घातला. यात गैर काही नाही, अशा अभ्यासात प्रश्नावली वाटेत सुधारायचीच असते. पुढच्या १४ मुलाखतींपैकी दोन अर्ध्यावर थांबल्या, कारण बायांना विड्या जमा करायला शाखेत जायचं होतं. पानापर्यंत गोष्ट आलीच नाही. उरलेल्या १२ जणींना थेट विचारलं. आठ जणी हो म्हणाल्या, चार जणी नाही.

म्हणजे ‘नाही’ असं तोंडाने सांगणाऱ्या फक्त चार. बाकीच्या पाच जणींबद्दल आपल्याकडे काहीच माहिती नाही. ५५ टक्क्यांच्या वाक्याने या पाच जणींना गुपचूप ‘नाही’च्या रकान्यात बसवलं. त्या पाचही जणींना त्रास नसेल तर खरा आकडा वीसपैकी ११, आणि पाचही जणींना असेल तर वीसपैकी १६. या वीस बायांपुरतंसुद्धा आपल्याला एवढंच म्हणता येतं, की आकडा ११ ते १६ च्या मध्ये कुठेतरी आहे. सगळ्या सोलापूरची गोष्ट तर अजून सुरूच झालेली नाही.

मग माहिती नसलेल्या पाच जणी वगळाव्यात का? वगळल्या तर १५ पैकी ११, म्हणजे ७३ टक्के. हे दिसायला प्रामाणिक वाटतं, पण यात आणखी मोठी चूक दडली आहे. न विचारता बोललेल्या तिघी ‘हो’च्या बाजूच्याच असणार. ‘माझ्या गठ्ठ्यात पान नेहमी चांगलं येतं हो’ असं आपणहून सांगायला कोण बसतं? तक्रार आपणहून येते, तक्रार नसणं येत नाही. त्यामुळे त्या तिघी मोजणीत घेतल्या आणि त्याच गटातल्या गप्प राहिलेल्या वगळल्या, की आकडा फुगणारच. एकमेकींशी तुलना करण्याजोग्या फक्त बाराच जणी आहेत, कारण त्यांनाच सारखा प्रश्न विचारला गेला. बारापैकी आठ, म्हणजे ६७ टक्के. त्याच वह्या, तीच माणसं, आणि टक्के मात्र ५५, ७३ आणि ६७.

यावर उपाय सोपा आहे, फक्त तो मोजणीच्या सुरुवातीला करावा लागतो. तक्त्यात आडव्या ओळीत एकेक बाई, उभ्या रकान्यात एकेक मुद्दा. आणि प्रत्येक चौकटीत ‘आहे’ किंवा रिकामं असं नको, तर चारपैकी एक नोंद हवी: आपणहून सांगितलं, विचारल्यावर हो, विचारल्यावर नाही, विचारलंच नाही. मी पाचवीही ठेवतो: उत्तर धूसर. सासू शेजारी बसलेली असताना सुनेने मान हलवली, तर ते ‘हो’ होतं की नुसती भिडस्त होकारार्थी मान, हे कागदावरून ठरत नाही. तिथे ‘धूसर’ असं लिहिलेलं बरं.

आता बारापैकी आठ धरून पुढे गेलो तर काय म्हणता येईल? समजा या बारा जणी शहरातल्या सगळ्या विडी कामगार महिलांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून काढल्या होत्या. तसं असतं तरी संख्याशास्त्राचा हिशेब सांगतो, की खरं प्रमाण साधारण ३९ ते ८६ टक्क्यांच्या दरम्यान असू शकतं. हा हिशेब एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या सूत्राने केला आहे. लहान नमुन्यासाठी ते नेहमीच्या अधिक-उणे पद्धतीपेक्षा चांगलं चालतं. तर ३९ ते ८६. म्हणजे अर्ध्याहून बऱ्याच कमी बायांना त्रास आहे, इथपासून जवळपास सगळ्यांना आहे, इथपर्यंत काहीही. बारामध्ये एका बाईचं उत्तर बदललं तर टक्केवारी आठ अंकांनी हलते. अशा ठिकाणी ‘६७ टक्के’ लिहिणं म्हणजे नसलेली अचूकता दाखवणं. ‘१२ पैकी ८’ लिहिलं की वाचणाऱ्याला नमुन्याचा आकार आपोआप दिसतो.

आणि चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्याच. विद्यार्थिनीला एक ओळखीची बाई भेटली, तिने शेजारणीकडे नेलं, शेजारणीने जावेकडे. तेलुगू बोलणाऱ्या घरांत अनोळखी मुलीला प्रवेश मिळायचा तर बहुधा हाच रस्ता. पण त्याचा परिणाम बघा. हो म्हणणाऱ्या आठपैकी सहा जणी एकाच शाखेतून पान आणणाऱ्या निघाल्या. त्या शाखेत त्या महिन्यात खराब माल उतरला असेल, तर सहा जणींनी सहा वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या नाहीत, एकाच मालाची हकीकत सहा तोंडांनी सांगितली आहे. म्हणून ३९ ते ८६ हा पट्टासुद्धा इथे लावता येत नाही. तो लावायला प्रत्येक उत्तर स्वतंत्र असावं लागतं. अर्थात ‘एकाच शाखेतल्या सहा’ ही नोंद वाया गेलेली नाही. त्रास शहरभर आहे की शाखेपुरता, हा प्रश्न त्यातूनच निघतो आणि ‘६७ टक्के’ नेमका तोच प्रश्न झाकतो.

एवढं ऐकून काही जण म्हणतात, मग मोजूच नये. गुणात्मक संशोधन करणाऱ्यांमध्ये हा सूर जुना आहे. मला तो पटत नाही. आकडा टाळला की त्याची जागा ‘बहुतेक’, ‘अनेक’, ‘काही’ हे शब्द घेतात आणि ‘अनेक’ म्हणजे चार की चौदा हे फक्त लेखकाला माहीत असतं. एखादीने रडत सांगितलेला प्रसंग मनात इतका मोठा होतो, की तो ‘अनेकींचा’ वाटू लागतो. मोजणी निदान त्याला लगाम घालते.

शिवाय लहान नमुना एका कामात खरोखर तरबेज असतो. प्रमाण मोजायला तो कच्चा, पण काय काय घडतं याची यादी करायला पक्का. एखादी अडचण दहापैकी एकीलाच असेल, तर चिठ्ठ्यांनी निवडलेल्या वीस जणींमध्ये ती निदान एकदा तरी भेटण्याची शक्यता सुमारे ८८ टक्के असते. वीसपैकी एकीलाच असेल तरी ६४ टक्के. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या महिलांच्या ६० मुलाखती क्रमाने तपासल्या. बहुतेक मुद्दे पहिल्या बारा मुलाखतींतच हाती आलेले दिसले. पण त्या मुलाखती बऱ्यापैकी एकसारख्या गटातल्या होत्या आणि सगळ्यांना तेच प्रश्न होते, हे विसरून ‘बारा पुरे’ असा नियम करणारे पुष्कळ भेटतात.

याच कारणाने एकटीने सांगितलेला मुद्दाही टाकून द्यायचा नसतो. आपल्या वीस जणींत एकीने सांगितलं, की ती वर्षानुवर्षं दुसऱ्या बाईच्या नावावर विड्या जमा करते, त्यामुळे भविष्य निर्वाह निधी त्या बाईच्या नावे जमतो. हे ‘५ टक्के’ नव्हेत. हा प्रकार अस्तित्वात आहे याचा तो पुरावा आहे, किती पसरला आहे याचा नाही. उलट दिशेनेही तेच. एखादा मुद्दा वीसपैकी एकीनेही काढला नाही, तर तो शून्य ठरत नाही. सगळ्यांना विचारून सगळ्या ‘नाही’ म्हणाल्या आणि निवड चिठ्ठ्यांनी झाली असेल, तरीसुद्धा खरं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. तीनला नमुन्याच्या संख्येने भागायचं, इतकाच तो झटपट हिशेब.

तर अहवालात लिहायचं ते साधारण असं: ‘२० पैकी १२ महिलांना पानाबद्दल थेट विचारता आलं. त्यांतील ८ जणींनी पदरचे पैसे घालावे लागल्याचं सांगितलं, ४ जणींनी तसं होत नसल्याचं सांगितलं. न विचारलेल्या ८ पैकी ३ जणींनी हा विषय आपणहून काढला. होकार देणाऱ्या ८ पैकी ६ जणी एकाच शाखेच्या आहेत. मुलाखती ओळखीतून मिळाल्या, त्यामुळे यावरून शहरातलं प्रमाण काढता येत नाही.’ मथळ्यात हे मावणार नाही, हे खरं. ज्या संघटनेला मागणीपत्रात टक्केवारीच हवी, तिला कामगारांच्या यादीतून चिठ्ठ्यांनी निवड करून शे-चारशे जणींना सारखा प्रश्न विचारावा लागेल. चारशेला पाचेक अंकांचं अधिक-उणे उरतं. त्या पाहणीत कोणते प्रश्न घालायचे आणि शाखेचं नाव विचारायलाच हवं, हे या वीस मुलाखतींनी आधीच सांगून ठेवलेलं असेल.

दुसऱ्याच्या नावावर काम करणाऱ्या त्या एकटीबद्दल मात्र अहवाल लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो. ‘२० पैकी १’ एवढंच लिहायचं. तिचं वय, गल्ली, शाखा यांतलं काहीही त्या ओळीच्या आसपास आलं, तर घरकुलात ती कोण हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल आणि शाखेलाही.