परदेशी कंपनीच्या रोखप्रवाह पत्रकाची तीन खाती

परदेशी कंपनीच्या वार्षिक अहवालातील रोखप्रवाह पत्रक (कॅश फ्लो स्टेटमेंट) उद्योजकाला समजावताना वर्षभरात आलेला-गेलेला पैसा ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग आणि फायनान्सिंग अशा तीन खात्यांत वेगळा करून दाखवण्याची रीत. पुण्यात हे काम बहुधा सीए करतो आणि त्याचे निमित्त साधे असते. भोसरी-चाकणच्या कारखानदाराकडे युरोपातला ग्राहक ६० ऐवजी ९० दिवसांची उधारी मागतो, तेव्हा द्यावी की नाही हे ठरवायचे असते.

भागीदारीत किंवा छोट्या कंपनीत हे पत्रक करावेच लागत नाही, त्यामुळे अनेक मालकांनी ते पाहिलेलेही नसते. रोजमेळ मात्र त्यांना पाठ असतो. म्हणून सुरुवात तिथून केलेली बरी: माल विकून आलेला आणि कच्चा माल, पगार, वीजबिलात गेलेला पैसा पहिल्या खात्यात; मशीन-जागेचा दुसऱ्यात; बँक आणि भागधारकांशी झालेली देवघेव तिसऱ्यात. कंसातला आकडा म्हणजे गेलेला पैसा, हेही आधीच सांगावे. पहिले खाते नफ्यापासून सुरू होते आणि त्यात घसारा मिळवलेला दिसतो. तिथे मालक हमखास अडतो: “घसाऱ्यातून पैसा कुठून आला?” आला नाही; नफा काढताना तो वजा केला होता, पण खिशातून गेला नव्हता, म्हणून परत मिळवला.

खरी अडचण पुढे आहे. तीच रक्कम कोणत्या खात्यात पडेल, हे कंपनी कोणत्या देशाचे नियम पाळते यावर ठरते. भारतात इंड एएस ७ प्रमाणे बिगर-वित्तीय कंपनीने भरलेले व्याज फायनान्सिंगमध्ये जाते. अमेरिकेत ते ऑपरेटिंगमध्ये धरतात. आंतरराष्ट्रीय आयएएस ७ ने आजवर दोन्हींची मुभा दिली होती. १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना आयएफआरएस १८ लागू झाल्यावर बहुतेक कंपन्यांना भरलेले व्याज फायनान्सिंगमध्येच दाखवावे लागेल. जागेच्या भाड्याचेही तसेच. आंतरराष्ट्रीय नियमांत भाडेकराराच्या मुद्दलाचा हप्ता फायनान्सिंगमध्ये जातो, तर अमेरिकेत साध्या भाडेकराराचे भाडे ऑपरेटिंगमध्ये.

समजा, युरोपातल्या त्या ग्राहक कंपनीचे आकडे असे आहेत (दशलक्ष युरोंत, आकडे समजावण्यापुरते). नफा १२, घसारा ३०, परत मिळवलेला व्याजखर्च ८, वाढलेल्या मालसाठ्यात अडकले ६, आणि पुरवठादारांची देणी वाढल्याने हाती राहिले २२. ऑपरेटिंग ६६. मशीनवर २५ गेले, जमीन विकून ५ आले. इन्व्हेस्टिंग उणे २०. फायनान्सिंगमध्ये व्याज ८, भाडेकराराचे मुद्दल ९, कर्जफेड १४ आणि लाभांश १०, उणे ४१. वर्षअखेर रोकड ५ ने वाढली.

६६ पाहून मालक खूश होतो. आता व्याज ८ आणि भाड्याचे ९ वर उचलून ठेवा: ४९ उरतात. पुरवठादारांचे २२ बाजूला काढा: २७. त्यातून मशीनचे २५ गेले की धंद्याची स्वतःची कमाई २ राहते. कर्जफेड आणि लाभांश मिळून मात्र २४ वाटले गेले. ते जमिनीच्या ५ मधून आणि मुख्यतः त्या २२ मधून भागले. तो २२ चा आकडा म्हणजे कोणाचे पैसे? भोसरीच्या मालकाचे थकलेले बिलही त्यातच आहे. पाहुण्यांच्या ताटातले वाढून यजमानाने वाहवा मिळवावी, तसा हा प्रकार. ९० दिवस दिले तर पुढच्या वर्षीही ऑपरेटिंग असेच फुगलेले दिसेल.

मात्र देणी वाढली म्हणजे लगेच लबाडी असे नाही. विक्री वाढली की देणीही वाढतात. म्हणून वाढीची तुलना खरेदीशी करावी लागते. कधी बँक पुरवठादाराला आधी पैसे देते आणि कंपनी बँकेला सावकाश फेडते. हे वस्तुतः कर्जच, पण ते व्यापारी देण्यांत बसवले तर ऑपरेटिंग खाते सुंदर दिसते. २०१८ मध्ये कोसळलेल्या ब्रिटिश कंपनी कॅरिलियनच्या हिशेबावर हीच टीका झाली. २०२४ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत अशा व्यवस्थेची माहिती टिपांत देणे सक्तीचे आहे, म्हणून पत्रकाआधी टिपा वाचाव्यात. उलट दिशेची फसवणूकही असते: रोजचा खर्च मालमत्ता म्हणून दाखवला की तो ऑपरेटिंगमधून निघून इन्व्हेस्टिंगमध्ये पडतो. अमेरिकेतील वर्ल्डकॉमने फोनलाइनच्या भाड्याचा खर्च असाच हलवला होता. ते २००२ मध्ये उघड झाले.

पत्रक एका दिवशी संपते, हीही मर्यादा आहे. डिसेंबरची देणी जानेवारीत दिली की वर्षअखेरचे आकडे चकचकीत होतात. ते पकडायला परदेशी कागद लागत नाही. टॅलीत त्या ग्राहकाचे खाते उघडावे आणि मागच्या तीन डिसेंबरांची बिले कोणत्या तारखेला जमा झाली ते पाहावे.