डोक्यातल्या उवा की डोक्याचं गजकर्ण? खाज सारखी, उपाय वेगळे

शाळेत जाणारं मूल सारखं डोकं खाजवतंय, केसांत पांढरं काहीतरी दिसतंय आणि मानेच्या मागे कानाखाली बारीक गाठी हाताला लागतायत. एवढ्यावरून उवा असतील असं बहुतेकांना वाटतं. पण गाठी उवांमुळेही येतात आणि डोक्याच्या गजकर्णामुळेही. पांढरं दिसतं ते लीख असेल किंवा बुरशीमुळे सुटलेला कोंडा असेल. औषध आणण्याआधी दहा मिनिटं काढून डोकं नीट बघावं, कारण एकाच्या औषधाने दुसरं बरं होत नाही. घर स्वच्छ करायची पद्धतही दोन्हींची वेगळी आहे.

बघायचं कसं

केस ओले करा, भरपूर कंडिशनर चोळा आणि बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत एकेक बट विंचरा. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसा. ओल्या, बुळबुळीत केसांत ऊ पळू शकत नाही, कोरड्या केसांत मात्र ती उजेड दिसताच सरकते. म्हणून नुसता भांग पाडून बघितल्यावर 'उवा नाहीत' असं म्हणता येत नाही. कागदावर तिळाएवढा, पाय हलवणारा करडा किडा आला की निदान झालं. नुसत्या लिखा दिसल्या तर त्या डोक्यापासून किती दूर आहेत ते बघा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि ऊ अंडं घालते ते मुळाशी, त्यामुळे त्याहून दूर दिसणारी लीख बहुधा रिकामं कवच असते. लीख केसाला एका बाजूने घट्ट चिकटलेली असते आणि नखाने ओढावी लागते. कोंडा फुंकरीने हलतो.

गजकर्णाची खूण केसांत नसून डोक्याच्या कातडीवर असते. नाण्याएवढा एखादा भाग विरळ झालेला, त्यावर राखाडी खपल्या आणि तुटलेले केस असं ते दिसतं. काही प्रकारांत केस अगदी कातडीलगत तुटतो आणि उरलेला खुंट काळ्या ठिपक्यासारखा दिसतो. हा काळा ठिपका फार महत्त्वाचा आहे. उवांमुळे केस तुटत नाहीत. आणि चाई पडली असेल तर तो भाग गुळगुळीत असतो, त्यावर खपल्या नसतात. गजकर्णात खाज कमी असू शकते, कधीकधी मुळीच नसते. म्हणून खाजेवरून ठरवायला जाऊ नका.

उवा: दोन दिवस नेमके पाळायचे

एक टक्का परमेथ्रिनचं लोशन जिवंत उवा मारतं, पण सगळी अंडी मारत नाही. पुढचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर ठरतं. अंडं साधारण सात ते दहा दिवसांत फुटतं आणि त्यातून निघालेलं पिल्लू अंडी घालण्याजोगं व्हायला आणखी नऊ ते बारा दिवस लागतात. पहिला दिवस शून्य धरला तर दुसरा डोस नवव्या दिवशी द्यायचा. तोवर जवळजवळ सगळी उरलेली अंडी फुटलेली असतात आणि कोणतंही पिल्लू मोठं झालेलं नसतं. चौथ्या दिवशीच पुन्हा लावलं तर बरीच अंडी अजून न फुटलेली असतात. तीन आठवड्यांनी लावलं तर नवी अंडी पडून गेलेली असतात. 'औषध लागू पडत नाही' अशी तक्रार येते तेव्हा अनेकदा चूक याच तारखेत सापडते.

लावण्याची पद्धतही नेमकी आहे. साध्या शाम्पूने केस धुवा. त्या दिवशी कंडिशनर नको, कारण त्याचा थर औषध केसाला चिकटू देत नाही. टॉवेलने पाणी टिपून केस दमट ठेवा. कानांच्या मागे आणि मानेवर केस सुरू होतात तिथून सुरुवात करून पूर्ण डोकं भिजेल इतकं लोशन लावा. केस खांद्याखाली उतरत असतील तर एक बाटली अनेकदा पुरत नाही, आणि अर्धवट भिजलेल्या केसांत उवा जगतात. दहा मिनिटांनी धुवा, मग फणी फिरवा आणि पुढचे एक-दोन दिवस शाम्पू टाळा.

आठ ते बारा तासांनी पुन्हा बघा. उवा मंद, अडखळत चालताना दिसल्या तर औषध काम करतंय, त्या फणीने काढून टाका. पहिल्यासारख्याच चपळ असतील तर लावण्यात चूक झाली किंवा त्या उवांना हे औषध लागू पडत नाही. तेव्हा तेच लोशन पुन्हा पुन्हा लावण्यात अर्थ नाही. डॉक्टरांना विचारून डायमेथिकोनसारखं दुसऱ्या तऱ्हेचं औषध घ्या, ते उवेला बाहेरून लेपून मारतं. रॉकेल मात्र कधीही लावू नका. त्याने कातडी भाजते आणि केस पेट घेऊ शकतात.

घरातल्या सगळ्यांची फणीने तपासणी एकाच दिवशी करा, पण औषध फक्त ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ सापडली त्यांनाच, आणि सगळ्यांना त्याच दिवशी. धाकट्याला आज आणि मोठीला रविवारी असं केलं की उवा एका डोक्यातून दुसऱ्यात फिरत राहतात. साफसफाई थोडकी पुरते. डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांत मरते, म्हणून मागच्या दोन दिवसांत वापरलेल्या उशांचे अभ्रे, टॉवेल आणि टोप्या गरम पाण्यात धुवा, फण्या कडकडीत गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. गाद्यांवर किंवा सोफ्यावर कीटकनाशक फवारू नका, त्याचा उपयोग नाही आणि ते मुलांच्या श्वासात जातं. औषधानंतरही आठवडा-दोन आठवडे खाज राहू शकते. जिवंत ऊ दिसत नसेल तर फक्त खाजेसाठी तिसरा डोस देऊ नका.

डोक्याचं गजकर्ण: मलमाने का जात नाही

गजकर्णाची बुरशी कातडीवर असते तशीच केसाच्या आत आणि मुळाशी खोल उतरलेली असते. मलम तिथवर पोचत नाही. अंगावरचं गजकर्ण क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनच्या मलमाने बरं होतं, डोक्यावरच्यासाठी पोटातूनच औषध घ्यावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. आठ वर्षांची मुलगी, वजन 22 किलो. तीन आठवडे डोकं खाजतंय, पांढरे कण दिसले म्हणून घरच्यांनी नऊ दिवसांच्या अंतराने दोनदा उवांचं लोशन लावलं. फणीत एकही ऊ आली नाही, पण कानामागचा विरळ भाग वाढत गेला. दरम्यान चार वर्षांच्या भावाच्या मानेवर गोल चट्टा उठला. त्यावर घरात पडलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं. लाली आणि खाज कमी झाली, म्हणून बरं वाटतंय असं समजलं गेलं. प्रत्यक्षात चट्ट्याची ठळक कडा पुसट झाली आणि तो आतल्या आत पसरला. स्टेरॉइड सूज दाबतं, बुरशीला मोकळं रान देतं.

डॉक्टरांनी मुलीच्या डोक्यावरच्या खपल्या आणि तुटक्या केसांचे खुंट खरवडून तपासणीला पाठवले. त्याआधी बुरशीचा शाम्पू लावला असता तर नमुन्यात बुरशी सापडायची शक्यता कमी झाली असती. नमुन्यातली बुरशी वाढवून बघणाऱ्या कल्चर तपासणीचा अहवाल यायला काही आठवडे लागतात, म्हणून काळे ठिपके बघून औषध लगेच सुरू झालं: टर्बिनाफिन, 20 ते 40 किलो वजनाला रोज 125 मिलिग्रॅम, म्हणजे 250 ची अर्धी गोळी, चार आठवडे. मांजराकडून आलेल्या बुरशीवर हे औषध कमी पडतं. तिथे ग्रिसिओफुल्विन सहा ते आठ आठवडे देतात, आणि ते दूध किंवा स्निग्ध जेवणासोबतच घ्यायचं असतं, नाहीतर नीट शोषलं जात नाही. कोणतं औषध आणि किती, हे वजन आणि यकृताचा इतिहास बघून डॉक्टरच ठरवतात. भावाला स्टेरॉइड बंद करून बुरशी मारणारं मलम दिलं. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे चालू ठेवायचं.

औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत मुलीच्या कानांवर आणि चेहऱ्यावर बारीक खाजरे पुरळ आले. अशा वेळी घरचे अ‍ॅलर्जी समजून गोळ्या बंद करतात, आणि तिथेच उपचार फसतो. बऱ्याचदा ती मरत्या बुरशीला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. बंद करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर मात्र थेट दवाखाना गाठा. डोक्यावर मऊ, पू वाहणारी गाठ आली तर तीही बुरशीचीच असू शकते. गळू समजून ती कापली जाते, आणि उशीर झाला तर तिथे केस कायमचे जातात.

घराचा हिशेब इथे उवांच्या अगदी उलट आहे. बुरशीचे बीजाणू कंगव्यात, टोपीत, उशीत महिनोन्‌महिने टिकतात, आणि घरातल्या मोठ्या माणसाच्या डोक्यात काहीही न दिसता बुरशी असू शकते. म्हणून आई, बाबा, भाऊ सगळ्यांनी दोन ते चार आठवडे आठवड्यातून दोनदा दोन टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू लावला, पाच मिनिटं ठेवून धुतला. मुलीनेही तोच वापरला. शाम्पूने रोग बरा होत नाही, पण झडणारे बीजाणू कमी होतात. मऊ गादी असलेले ब्रश टाकून दिले. प्लास्टिकचे कंगवे आधी केस काढून साबणाने धुतले, मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ब्लीचच्या पाण्यात भिजवले. ज्या मशीनने मुलीचे केस कापले होते तिची पाती वेगळी काढून निर्जंतुक केली, कारण हे मशीन बीजाणू थेट पुढच्या डोक्यात पेरतं. टक्कल करायची गरज नव्हती. कोरडा झाडू बीजाणू उडवतो, त्यामुळे फरशी ओल्या फडक्याने पुसली. घरातल्या मांजराच्या कानाजवळचे केस गेलेले असतील, किंवा उपचार होऊनही गजकर्ण परत येत असेल, तर मांजराला पशुवैद्याकडे न्यायलाच हवं.

औषध सुरू झाल्यावर मूल शाळेत जाऊ शकतं, फक्त टोपी आणि कंगवा कोणाला द्यायचा नाही. चार आठवड्यांनी खपल्या गेल्या तरी केस पूर्ण यायला काही महिने लागतात. उपचार थांबवायचा की वाढवायचा हे दुसऱ्या नमुन्याचा अहवाल बघून ठरतं.