हात वर केला की मुंग्या: दोष बरगडीचा, स्नायूचा की जागेचा?

दोरीवर कपडे वाळत घालताना चौथ्या-पाचव्या कपड्यालाच हात जड होतो, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात मुंग्या येतात, पंजा पांढरा पडतो. हात खाली घेतला की थोड्या वेळात सगळं पूर्ववत. या तक्रारीला आज थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात. नाव १९५६ मधलं, पण आरोपी शोधणं त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

पहिला संशय गेला जास्तीच्या बरगडीवर. काही जणांना मानेच्या सातव्या मणक्यातून एक आगाऊ बरगडी फुटलेली असते. १८६१ मध्ये लंडनचे सर्जन होम्स कूट यांनी असं वाढलेलं हाड कापून काढलं. पण अशी बरगडी असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो आणि ती नसलेल्यांनाही त्रास होतो, मग?

१९२७ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडसन आणि कॉफी यांनी बरगडी तशीच ठेवून मानेतला पुढचा स्केलीन स्नायू कापला. हाताच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, आणि धमनी याच स्नायूच्या मागून, पहिल्या बरगडीवरून हाताकडे जातात. अ‍ॅडसन यांची तपासणीही प्रसिद्ध झाली: खोल श्वास घ्या, हनुवटी वर करून मान दुखऱ्या बाजूला वळवा आणि मनगटाची नाडी बंद पडते का पाहा. पुढे महायुद्धात, १९४३ मध्ये, फाल्कनर आणि वेडेल यांनी जड पाठपिशवी वाहणाऱ्या सैनिकांकडे लक्ष वेधलं. खांदे खाली-मागे ओढले गेले की कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्यातली फट अरुंद होते. १९४५ मध्ये राइट यांना डोक्यावर हात घेऊन झोपणाऱ्यांमध्ये हेच दुखणं दिसलं.

राइट यांच्याच निरीक्षणात एक अडचणीची गोष्ट होती: हात पुरता वर नेला की धडधाकट माणसाचीही नाडी बऱ्याचदा बंद पडते. म्हणजे नाडी बंद पडली एवढ्यावरून रोग ठरत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात उपयोगाची ओळ हीच, आणि तीच सर्वात दुर्लक्षित.

१९६६ मध्ये डेन्व्हरच्या डेव्हिड रूस यांनी काखेतून पहिली बरगडी काढण्याची रीत मांडली. त्यांची तपासणी नाडीला विचारतच नाही. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, आणि तीन मिनिटं मुठी हळूहळू उघडायच्या-मिटायच्या. कपडे वाळत घालतानाचा तोच त्रास आला, हात आपोआप खाली आले, तर संशय बळावतो. मात्र मनगटात नस दबलेल्यांनाही या तीन मिनिटांत मुंग्या येऊ शकतात.

म्हणून रंगाकडे पाहायचं. पांढरा, गार पंजा धमनीकडे बोट दाखवतो. हात निळसर होऊन सुजला, तोही एकाएकी, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते; तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बहुतेक रुग्णांत मात्र नसाच दबलेल्या असतात आणि सुरुवात खांदा-मानेच्या व्यायामानेच होते.