‘सिबिल’ इथे, खाते तिथे: अमेरिकेत नव्याने गेलेल्या नोकरदाराच्या पतनोंदीची पार्श्वभूमी

एच-वन-बी व्हिसावर पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या नोकरदाराने पहिल्याच महिन्यात क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला, तर आठवड्या-दोन आठवड्यांत नकाराचे पत्र येण्याची शक्यता बरीच असते. कर्ज नाकारणाऱ्याने कारण कळवावे, असा तेथील कायदा असल्यामुळे पत्रात कारणही दिलेले असते: पतनोंद आढळली नाही, किंवा निर्णय घेण्याइतकी पुरेशी नाही. अशा वेळी पत मोजणारा गुणांक कमी भरलेला नसतो, तो काढलाच गेलेला नसतो. तेथील प्रचलित मापपट्टी 300 पासून 850 पर्यंत आहे आणि शून्य हा आकडा तिच्यावर नाही. नवागत तळाशी उभा नसतो, तो मापपट्टीच्या बाहेर असतो. पुण्यातील गृहकर्जाचे हप्ते सात वर्षे एकही न चुकवता भरले, याचा मागमूस त्या पत्रात दिसत नाही आणि मनाला लागते ते नेमके हेच.

या नाराजीमागे बऱ्याच अंशी एका शब्दाचा गोंधळ आहे. ‘सिबिल’ हे मुळात 2000 मध्ये स्थापन झालेल्या, देशातील पहिल्या पतमाहिती कंपनीच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षरी रूप. व्यक्तिगत कर्जांची माहिती तिच्याकडे 2004 पासून गोळा होऊ लागली आणि गुणांक 2007 मध्ये आला. पुढे आणखी कंपन्यांना परवाने मिळून त्यांची संख्या चार झाली, पण बोलण्यात शब्द एकच उरला. ‘त्याचे सिबिल खराब आहे’, ‘आधी सिबिल काढून आणा’ असे आपण सहज म्हणतो. पीककर्जासाठी बँकांनी सिबिलची अट लावू नये, असे राज्य सरकार बँकांना वारंवार बजावते, तेव्हा तेथेही हाच शब्द असतो. कंपनीचे नाव, तिने ठेवलेली नोंद, त्या नोंदीवरून काढलेला आकडा आणि त्या आकड्यावरून बँकेने घेतलेला निर्णय, अशा चार वेगवेगळ्या गोष्टी या एका शब्दात कोंबल्या गेल्या आहेत. त्यामुळे सिबिल म्हणजे पॅन कार्डासारखी, खिशात घालून कोठेही नेता येणारी वस्तू असावी, असा समज घट्ट होतो.

हा आकडा मालमत्तेसारखा नसून तुलनेतून निघालेला आहे. अमेरिकेतील प्रचलित गुणांक 1989 पासून वापरात आहे आणि त्याला सर्रास ‘फायको’ म्हणतात. पुढील 24 महिन्यांत हा कर्जदार एखादे देणे 90 दिवस वा त्याहून अधिक थकवण्याची शक्यता किती, या प्रश्नाचे ते उत्तर असते आणि तेथील लाखो कर्जदारांचे मागील वर्तन तपासून ते बसवलेले असते. भारतीय गुणांक येथील कर्जदारांवरून बसवलेला आहे. येथील नोंदींत सोनेतारण असते, पीककर्ज असते, दुचाकीचे कर्ज असते आणि चुलतभावासाठी जामीन राहिल्याची नोंदही असते. सीईटीतील 95 पर्सेंटाइल आणि जेईईतील 95 पर्सेंटाइल यांचा अर्थ एक नाही, हे कोणत्याही पालकाला सांगावे लागत नाही, कारण परीक्षेला बसलेली मुले वेगळी असतात हे त्याला ठाऊक असते. गुणांक म्हणजे पर्सेंटाइल नव्हे, तरी अडचण त्याच जातीची आहे. दोन्ही मापपट्ट्या 300 पासून सुरू होतात, हा योगायोग मात्र फसवा ठरतो. भारतीय मापपट्टी 900 वर संपते, म्हणून 810 म्हणजे 900 चे 90 टक्के धरून अमेरिकेच्या 850 मध्ये 765 असा हिशेब मांडणारे आणि घरभाड्याच्या अर्जावर तो आकडा लिहून मोकळे होणारे लोक आहेत. घरमालकाच्या संगणकावर त्या आकड्याचा कोणताही पुरावा उमटत नाही आणि अर्जात खोटी माहिती दिल्याचा संशय तेवढा मागे राहतो.

आकडा राहू द्यावा, निदान मूळ नोंदी तरी पाठवाव्यात, तर तेथे कायदा आडवा येतो, आणि तो दोन्ही देशांचा. भारतातील 2005 च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्याने ही माहिती कोणाला द्यावी हे ठरवून दिले आहे. भारतात कर्जव्यवसाय नसलेली अमेरिकी बँक त्या चौकटीत बसत नाही. अमेरिकेतील 1970 चा कायदा दुसऱ्या टोकाने अडवतो. शेजारच्या कुजबुजीसकट काहीही नोंदवून ठेवणाऱ्या जुन्या फायलींना आळा घालण्यासाठी तो आला. ग्राहकाने एखाद्या नोंदीला हरकत घेतली, तर साधारण 30 दिवसांत तिची शहानिशा करायची आणि ती सिद्ध झाली नाही तर काढून टाकायची, असे बंधन त्याने घातले. नाशिकच्या एखाद्या सहकारी बँकेने दिलेली नोंद तेथील फायलीत आली आणि तिच्यावर वाद झाला, तर त्या बँकेकडून मुदतीत उत्तर कोण आणि कोणत्या अधिकाराने मिळवणार? शिवाय नोंदी पुरवणे हे अमेरिकेत कायद्याने सक्तीचे नाही. ते करारावर चालते आणि भारतातील बँकांचे तसे करार नाहीत. भारतातील पहिल्या पतमाहिती कंपनीची मालकी पुढे एका अमेरिकी कंपनीकडे गेली आणि 2017 मध्ये तिचे नावही त्या कंपनीच्या नावाला जोडले गेले. मग आतल्या आत माहिती का पाठवत नाहीत, हा प्रश्न म्हणूनच रास्त वाटतो. पण मालक एक झाला तरी दोन्ही कोठारांवरचे कायदे वेगळेच राहतात.

ओळख जुळवण्याचा प्रश्न त्याहून किरकोळ, पण रोजच्या व्यवहारात छळणारा आहे. येथील नोंद पॅनवर उभी असते. तेथील नोंद नाव, पत्ता, जन्मतारीख आणि नऊ अंकी सोशल सिक्युरिटी क्रमांक यांची जुळवणी करून उभी राहते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. पासपोर्टात ते पहिल्या नावाला चिकटते, एका बँकेत त्याचे केवळ आद्याक्षर उरते आणि दुसरीकडे ते गळते. परिणामी एकाच माणसाच्या दोन अर्धवट फायली तयार होऊ शकतात. लग्नानंतर पासपोर्टावरील आडनाव बदलले आणि पॅनवरील तसेच राहिले, अशा स्त्रियांना भारतातील अहवाल आपलाच आहे हे पटवून देणेही जड जाते.

आता प्रत्यक्ष क्रम पाहू. समजा, हा नोकरदार ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोहोचला. प्रवेशाची नोंद सरकारी यंत्रणेत उमटावी म्हणून सोशल सिक्युरिटी क्रमांकासाठी दहा दिवस थांबून अर्ज केला आणि क्रमांक महिनाअखेरीस हाती आला. घर त्याआधीच हवे असते. दुप्पट अनामत घ्या, पण घर द्या, असे म्हणण्याचा मोह होतो; मात्र न्यू जर्सीत दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक अनामत घेण्यास कायद्याने मनाई आहे. त्यामुळे नोकरीचे पत्र, बँकेतील शिल्लक किंवा सहीला उभा राहणारा ओळखीचा माणूस यांवरच भागवावे लागते. सप्टेंबरमध्ये तो 500 डॉलर ठेव ठेवून सेक्युअर्ड कार्ड घेतो आणि तेवढीच त्याची मर्यादा ठरते. पहिल्या स्टेटमेंटनंतर ऑक्टोबरमध्ये त्याचे खाते पतमाहिती कंपन्यांकडे प्रथमच दिसू लागते.

येथे दोन ठिकाणी हमखास गोंधळ होतो. पहिला तारखांचा. कार्ड कंपनी सहसा स्टेटमेंटच्या दिवशीची बाकी कळवते. त्याने किराणा, फोन आणि एक विमान तिकीट मिळून 450 डॉलर खर्च केले आणि देय तारखेआधी सर्व फेडले, तरी अहवालात मर्यादेच्या 90 टक्के वापर दिसतो आणि गुणांक खाली ओढला जातो. स्टेटमेंट निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी 400 डॉलर भरले, तर तेच खाते 10 टक्के वापराचे दिसते. दरमहा थोडी बाकी ठेवून व्याज भरल्याने गुणांक वाढतो, हा सल्ला जुन्या मंडळींकडून मिळतो, तो चुकीचा आहे. दुसरा गोंधळ आकड्यांचा. फायको निघण्यासाठी किमान एक खाते सहा महिन्यांचे लागते, म्हणजे या माणसासाठी साधारण मार्च उजाडतो. पण 2006 मध्ये आलेली एक प्रतिस्पर्धी पद्धत एक-दोन महिन्यांच्या नोंदीवरही आकडा देते आणि मोबाइलवरील बरीच मोफत ॲप तोच दाखवतात. म्हणून नोव्हेंबरमध्ये फोनवर 680 पाहून तो गाडीच्या शोरूममध्ये जातो आणि तेथे त्याला गुणांकच नाही असे सांगितले जाते. त्या क्षणी दोघेही खरे बोलत असतात.

आधी स्थायिक झालेल्या नातेवाइकाच्या कार्डावर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घालून घेणे ही जवळची वाट समजली जाते. तिचे मूळ 1970 च्या दशकातील समान पतसंधीच्या नियमांत आहे. पती-पत्नी दोघे वापरत असलेल्या खात्याची नोंद पत्नीच्याही नावे व्हावी, म्हणून ती तरतूद झाली. पुढे अनोळखी माणसांना पैसे घेऊन अशी जागा विकण्याचा धंदा सुरू झाला आणि 2007 मध्ये नव्या फायको सूत्रातून ही खाती वगळण्याची घोषणा झाली. वर्षभरात ती मागे घेण्यात आली, कारण त्यामुळे प्रामाणिक जोडीदारही भरडले गेले असते. आजही ही नोंद धरली जाते, पण त्या नातेवाइकाची थकबाकीही तिच्यासोबत येते.

अलीकडच्या बदलांपैकी महत्त्वाचा एकच. भारतात 2017 पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल व्यक्तीला मोफत मिळू लागला. आपला अहवाल आपणच मागवून कोणालाही दाखवता येतो, या तत्त्वावर अमेरिकेत मध्यस्थ सेवा उभ्या राहिल्या आणि 2019 मध्ये तेथील एका मोठ्या कार्ड कंपनीने भारतासह मोजक्या देशांतील नवागतांचे अर्ज त्यांच्या मायदेशातील नोंदीवर तपासण्यास सुरुवात केली. याला पतनोंद नेणे म्हणतात, ते अचूक नाही. त्या एका कंपनीने भारतीय अहवाल वाचून कार्ड दिले, एवढेच घडते. तेथील फायलीत नवे कार्ड तेवढे पहिल्या तारखेपासून दिसते आणि सात वर्षांचे गृहकर्ज अदृश्यच राहते. तरीही ठेव न अडकवता मोठी मर्यादा मिळते आणि 450 डॉलरांचा खर्च 5000 च्या मर्यादेत 9 टक्केच भरतो, हा फरक लहान नाही. यासाठी निघण्यापूर्वी येथील कार्ड घाईने बंद करू नये आणि अहवालातील चुका येथे असतानाच दुरुस्त करून घ्याव्यात; परदेशी भ्रमणध्वनी क्रमांकावर ओटीपी येत नाही, हे लक्षात येते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो.

याच माणसाची व्हिसाची मुदत पाच-सहा वर्षांनी संपत आली आणि तो टोरांटोला गेला, तर तेथील पतमाहिती कंपन्यांपैकी दोघींची नावे अमेरिकेतलीच दिसतात. ओळख क्रमांक मात्र नवा असतो, मापपट्टी 300 ते 900 अशी असते आणि त्याच्या न्यू जर्सीतील 780 ला तेथे सिबिलइतकेच स्थान असते.